चौथा मजला नकाशात नव्हताच

वाघोलीच्या पुढे, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत, एका पार्किंग अधिक चार मजल्यांच्या इमारतीत ४०२ नंबरचा फ्लॅट आम्ही पसंत केला होता. किंमत ४२ लाख. एजंट म्हणाला, "लोनचं टेन्शन घेऊ नका, आधी सँक्शन काढून देतो, मग टोकन द्या." मला हे फारच सरळ वाटलं. आठ दिवसांत बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं, ३३ लाख ६० हजारांचं. त्याच संध्याकाळी मी ३ लाखांचं टोकन दिलं.

ते पत्र माझ्या पगारावर आणि सिबिल स्कोअरवर निघालं होतं. घराकडे बँकेने तोवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंच होतं, की मालमत्तेचा लीगल आणि टेक्निकल रिपोर्ट समाधानकारक आला तरच कर्ज मिळेल. लीगल म्हणजे वकील मागच्या तीसेक वर्षांची मालकीची साखळी तपासतो. टेक्निकल म्हणजे बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर जागेवर येतो. माझ्या एजंटला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच टोकनची घाई.

व्हॅल्युअर आला तो आधी घरात आलाच नाही. रस्त्यापलीकडे उभं राहून त्याने बोटाने मजले मोजले. मग वर येऊन लेझर मीटरने खोल्या मोजल्या आणि मंजूर नकाशा मागितला. एजंटने मला दिलेली शिक्का-सही असलेली झेरॉक्स मी ऐटीत पुढे केली. त्याने खालच्या ओळीवर नख टेकवलं: "टिपिकल फ्लोअर प्लॅन, पहिला ते तिसरा मजला." शिक्का खरा, सही खरी. मी फक्त ती ओळ वाचली नव्हती. "साहेब, चौथा मजला कागदावर नाहीच. मी याची किंमत शून्य लिहिणार," तो म्हणाला.

मी वाद घातला. घरपट्टीची पावती दाखवली, ग्रामपंचायतीचा दाखला दाखवला. तो वैतागला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, घरपट्टी बेकायदा बांधकामावरही लागते, त्याने परवानगी सिद्ध होत नाही. खरेदीच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू, निघाला म्हणजे मजला कायदेशीर झाला, असंही नाही. बँकेचा हिशेब असा, की उद्या हप्ते थकले तर सरफेसी कायद्याखाली घर लिलावात काढायचं आहे. ज्या मजल्यावर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली पाडकामाची नोटीस येऊ शकते, तो लिलावात घेणार कोण? मंजुरी न घेता गुंठे पाडून विकलेल्या प्लॉटवरच्या इमारतींनाही बँका याच कारणाने नकार देतात. काही भागांत अशीच बांधकामं जास्त असली, की बँक तो पट्टाच नकारात्मक यादीत टाकते, मग एखादी चांगली इमारतही त्यात अडकते.

मजला मंजूर असता तरी आकडा जमलाच नसता, हे त्यानेच समजावलं. एजंटने ८०० फूट 'सेलेबल' म्हणून विकलेला फ्लॅट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ५४० भरला. आसपासच्या मंजूर इमारतींतले नुकतेच नोंदवलेले व्यवहार कार्पेटला फुटामागे ७,००० च्या घरात होते, म्हणजे ३७ लाख ८० हजार. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी रक्कम बँक धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, म्हणजे जेमतेम ३० लाख २४ हजार. वरचे ३ लाख ३६ हजार मला खिशातून घालावे लागले असते, स्टँप ड्युटी वेगळीच.

नकार कळताच एजंटचा सूर बदलला. "बँक बदलू. नाहीतर पतसंस्था आहेच, ३०१ वाल्यांचं तर बँकेचं लोन आहे." ३०१ चं असेलही, तो तिसऱ्या मजल्यावर आहे! पतसंस्थेचा व्याजदर ऐकून बायकोने फोनच हिसकावून घेतला.

टोकनच्या पावतीवर लिहिलं होतं, "खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास रक्कम परत मिळणार नाही." मी मोडला नव्हता, पण टोकन घेणारे तसंच म्हणत राहिले. वकिलाची नोटीस गेल्यावर दोन लाख आले. एक लाख अजून तिकडेच आहे.

त्यानंतर घर बघताना मी आधी पूर्ण नकाशा मागायचो, आपला मजला आणि फ्लॅट नंबर त्यात शोधायचो, मग भोगवटा प्रमाणपत्रात तोच मजला आहे का ते पाहायचो. आणि टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्यायचो: बँकेचा लीगल किंवा टेक्निकल रिपोर्ट प्रतिकूल आला तर पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत. दोन एजंटांनी ती ओळ पाहून पेन खाली ठेवलं. तिसऱ्याने सही केली, आम्ही आता तिथेच राहतो.