सोसायटीचे सूचना-ॲप: आधी नो-कोड, मग स्वतःचा कोड, आणि मधली एक तारीख

आमच्या १२४ सदनिकांच्या सोसायटीसाठी सूचना आणि कार्यक्रमांचे ॲप आम्ही गेल्या वर्षी एका नो-कोड बिल्डरवर तयार केले आणि दिवाळीनंतर त्यातील सूचनांचा भाग स्वतंत्र कोडमध्ये लिहून घेतला. आता दोन्ही व्यवस्था काही महिने वापरून झाल्या आहेत. बिल्डरमध्ये पडदे कसे ओढून मांडायचे, शीट कशी जोडायची, हे बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. सचिव या नात्याने मला ज्या एका गोष्टीने सर्वाधिक त्रास दिला, ती म्हणजे तारीख, आणि तिच्याविषयीच सविस्तर लिहितो.

२०२५ ची वार्षिक सर्वसाधारण सभा आम्ही रविवारी, २१ सप्टेंबरला ठेवली होती. उपविधींनुसार या सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, आणि त्यात सूचना दिल्याचा दिवसही धरत नाहीत व सभेचा दिवसही धरत नाहीत. म्हणजे ७ ते २० सप्टेंबर हे मधले १४ दिवस मोकळे राहण्यासाठी ६ सप्टेंबर हा शेवटचा दिवस होता. तो अनंत चतुर्दशीचा दिवस असूनही विसर्जनाला निघण्यापूर्वी आम्ही कागदी सूचना फलकावर लावली, सभासदांना पोहोचवली आणि तीच ॲपमध्येही टाकली. ॲप उघडल्यावर तारीख २१ दिसत होती, परंतु सर्वांच्या मोबाईलवर जे नोटिफिकेशन गेले त्यात २० सप्टेंबर असे छापलेले होते.

एका दिवसाचा हा फरक किरकोळ नाही. सभा २० तारखेला आहे असे धरले, तर मधले मोकळे दिवस १३ च उरतात आणि नियमाप्रमाणे दिलेली सूचना अपुऱ्या मुदतीची ठरते. एका सभासदाने नेमका हाच आक्षेप लेखी घेतला, आणि तो त्यांच्या मोबाईलवरील मजकुराच्या आधारे अगदी रास्त होता. फलकावरील सही-शिक्क्याच्या सूचनेत २१ तारीख स्पष्ट असल्यामुळे विषय मिटला. तेव्हापासून ॲपवरील प्रत्येक सूचनेत ‘फलकावरील मूळ प्रत ग्राह्य’ हे वाक्य आम्ही ठेवतो.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते साधे निघाले. शीटमध्ये फक्त तारीख लिहिली की बिल्डर तिला भारतीय वेळेची मध्यरात्र समजतो आणि साठवताना जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, बदलतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे २१ तारखेची मध्यरात्र तिथे २० तारखेचे सायंकाळचे साडेसहा होते. ॲपचा पडदा ही वेळ मोबाईलवर पुन्हा भारतीय वेळेत आणतो, म्हणून तिथे २१ दिसते. नोटिफिकेशनचा मजकूर मात्र सर्व्हरवर तयार होतो आणि तो २० लिहून मोकळा होतो. दुबईत राहणाऱ्या एका सदनिकामालकांना तर ॲपच्या पडद्यावरही २० तारीखच दिसत होती, कारण आपली मध्यरात्र म्हणजे त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा.

बिल्डरच्या मदत-विभागाशी झालेला पत्रव्यवहार मनस्ताप देणारा होता. मोबाईलची वेळ तपासा, ॲप काढून पुन्हा टाका, अशी उत्तरे येत राहिली आणि शेवटी ‘सर्व्हरचे वेळक्षेत्र बदलता येत नाही’ हे कळले. दरमहा शुल्क भरणाऱ्या ग्राहकाला हे पहिल्याच पत्रात सांगायला हवे होते. मग आम्ही प्रत्येक तारखेला दुपारी बारा ही वेळ जोडली. दुबईचा प्रश्न सुटला, परंतु कॅलिफोर्नियातील सभासदाकडे उन्हाळी वेळेनुसार तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा असतात. दुपारी तीनची वेळ घातल्यावर तिथेही तारीख बरोबर आली. हा उपाय चालतो, मात्र प्रत्येक नवीन समिती-सदस्याला तो शिकवावा लागतो.

‘आजचे कार्यक्रम’ या यादीला हाही उपाय लागू पडला नाही. सर्व्हरचा ‘आज’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. दिवाळी पहाटेचा आमचा कार्यक्रम पाच वाजता होता, आणि त्या वेळी ॲप आदल्या दिवसाचीच यादी दाखवत होते. इथे मात्र स्वतःचा कोड हवा, हे माझे मत पक्के झाले.

सोसायटीतील एका सभासदांची कन्या प्रोग्रामर आहे. तिने रीतसर मानधन घेऊन सूचनांचा भाग लिहिला, आणि ते मानधन बिल्डरच्या वर्षभराच्या शुल्काच्या आसपास होते, कारण बिल्डर प्रत्येक लॉगिन करणाऱ्या व्यक्तीमागे पैसे घेतो. कोड आपला असला की तारीख आपोआप बरोबर येते, ही माझी समजूत मात्र पहिल्याच चाचणीत बदलली. तारीख साठवणारी ओळ अशी होती:

```
new Date(2025, 8, 21).toISOString()
// "2025-09-20T18:30:00.000Z"
```

महिने शून्यापासून मोजले जात असल्याने इथे ८ म्हणजे सप्टेंबर, आणि उत्तरात पुन्हा तीच २० तारीख. फरक इतकाच, की ही ओळ आम्हाला दिसत होती आणि त्याच संध्याकाळी बदलता आली. आता सभेची तारीख `2025-09-21` अशी साध्या मजकुराच्या रूपात साठवली जाते, तिचे वेळेत रूपांतर होतच नाही. ज्या नोंदींना खरोखर वेळ असते, त्या दाखवताना `Asia/Kolkata` हे वेळक्षेत्र आणि `mr-IN` ही भाषा ठरवून दिली आहे. त्यामुळे महिन्याचे नाव आणि आकडे मराठीत येतात, आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांना याचा झालेला आनंद मला सर्वांत मोलाचा वाटतो.

स्वतःच्या कोडची ओझी वेगळी आहेत. वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर नवे ॲप आणायचे तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची चाचणी घ्यावी लागते, आणि ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. एवढा खर्च सभासदांच्या वर्गणीतून करणे मला पटले नाही, म्हणून आम्ही वेब-ॲप ठेवले. आयफोनवर अशा ॲपची नोटिफिकेशन्स आयओएस १६.४ पासून मिळतात, तीही ते होम स्क्रीनवर जोडले असेल तरच. ही जोडणी काही ज्येष्ठांना घरी जाऊन करून द्यावी लागली. शिवाय ती मुलगी नोकरीनिमित्त परगावी गेल्यास पुढे कोण पाहणार, हा प्रश्न खराच आहे. कोड आणि पासवर्ड समितीच्या ताब्यात आहेत, परंतु ते वाचणारा माणूस लागतोच.

कार्यक्रमांचा भाग मात्र बिल्डरवरच राहू दिला आहे. नवरात्रातील स्पर्धांची नावनोंदणी, कोजागरीच्या जेवणाची कुपने, सहलीच्या जागा, प्रत्येक वेळी निराळा फॉर्म लागतो आणि सांस्कृतिक समिती तो अर्ध्या तासात स्वतः बनवते. त्यासाठी दर वेळी प्रोग्रामरकडे जाणे व्यवहार्य नाही. सभासदांना हे फॉर्म लॉगिनशिवाय भरता येतात, लॉगिन फक्त समितीतील मोजक्या जणांकडे आहे, त्यामुळे आम्ही सर्वांत लहान योजनेवर उतरलो. पहाटेच्या कार्यक्रमाची सूचना सूचनांच्या भागातूनही जाते.

बिल्डर निवडणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी मोफत योजनेवर एक चाचणी जरूर करावी. वेळ न घालता केवळ तारखेची एक सूचना टाकावी, तिचे नोटिफिकेशन आणि ॲपचा पडदा यांवरील तारीख जुळवावी, मग एका मोबाईलचे वेळक्षेत्र लॉस एंजेलिस करून पुन्हा पाहावे, आणि ‘आजची’ यादी पहाटे पाचला उघडावी. तिन्ही ठिकाणी तारीख जुळली, तर सूचनांसाठीही बिल्डर पुरेसा आहे आणि सोसायटीचा कोडवरचा खर्च वाचेल.