फोर्कलिफ्टवरची पाच मिनिटं: मीटिंग रूममध्ये की कोपऱ्यावर?

शिफ्ट सुरू होताना फोर्कलिफ्टच्या सुरक्षिततेवर पाच मिनिटं बोलायचं, यावर वाद नाही. कुठे बोलायचं, यावर मात्र आहे. मी बरीच वर्षं मीटिंग रूममध्ये, पडद्यावर चित्रं दाखवत बोललो. हल्ली ज्या कोपऱ्याबद्दल बोलायचं, त्याच कोपऱ्यावर माणसं नेऊन बोलतो.

खोलीची सोय मोठी आहे. तीस माणसं एकदम बसतात, आवाज पोचतो, हजेरीच्या सह्या तिथल्या तिथे होतात. काही गोष्टी चित्रातच बऱ्या कळतात. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, त्यामुळे गाडी डावीकडे वळली की तिचा मागचा भाग उजवीकडे झपकन बाहेर येतो. गाडीच्या बाजूला उभं राहू नये ते का, हे नव्या हेल्परला चित्रातून लगेच पटतं. उलट कोपऱ्यावर आठ-दहांपेक्षा जास्त माणसं नेली तर मागच्यांना काही दिसत नाही. शिवाय तेवढा वेळ ती गल्ली दोन्ही टोकांनी बंद ठेवावी लागते आणि डिस्पॅचवाले घड्याळ दाखवतात.

तरीही खोलीत मला एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा: होकाराचा. ‘चालायचं कुठून?’ असं विचारलं की सगळे एका सुरात ‘पिवळ्या पट्ट्यातून!’ मग मीटिंग सुटायची आणि त्यातलीच माणसं रॅकच्या टोकाला पट्टा सोडून गाडीच्या वाटेत उतरायची. मी हे बेफिकिरीवर ढकलत होतो. सुपरवायझरला दोनदा बोललोही.

एकदा प्रोजेक्टर बंद पडला म्हणून नाइलाजाने सगळ्यांना त्या कोपऱ्यावरच नेलं. पट्टा तिथे होता, पण त्यावर रिकाम्या पॅलेटची छातीभर थप्पी होती. माणूस पट्ट्यातूनच येत होता आणि थप्पीला वळसा घालायला दीड पाऊल बाहेर टाकत होता, तेही नेमकं कोपरा संपतो तिथे. वर बहिर्गोल आरसा होता. मी चालणाऱ्याच्या जागी उभा राहून पाहिलं, तर धुळीआड फक्त ट्यूबलाइट चमकत होती. एका हेल्परने शांतपणे विचारलं, “साहेब, मग चालायचं कुठून?” मी काय सांगणार?

तेव्हापासून माझं बोलणं कमी झालं आणि दाखवणं वाढलं. गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, चावी काढून खिशात ठेवायची. फोर्क जमिनीवर, त्यावर उंच माल. मग चालणाऱ्यांपैकी एकाला सीटवर बसवायचं आणि बाकीच्यांनी मालासमोर उभं राहायचं. “किती जण दिसतात?” माल पुरेसा उंच असेल तर बहुतेक वेळा उत्तर येतं, “कोणीच नाही.” असा माल असला की ऑपरेटर गाडी उलटी का चालवतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट खडूची. ताशी ८ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. ते अंतर मी कोपऱ्यापासून फरशीवर आखतो. ब्रेक लागणं त्यापुढे सुरू होतं, आणि माल असताना करकचून दाबलाही जात नाही, नाहीतर माल पुढे घसरतो. कोपऱ्याआडून निघालेला माणूस त्या रेघेच्या आतच असतो. म्हणून वेग चालण्याइतका करायचा आणि हॉर्न द्यायचा तो कोपऱ्याच्या आधी. वळता वळता दिलेल्या हॉर्नने फक्त दचकायला होतं.

त्या कोपऱ्याला आम्ही शेवटी तीनेक मीटर रेलिंग लावलं. रंगाचा पट्टा माणसाला अडवत नाही आणि पॅलेटलाही नाही. घाईत तो रिकामी जागाच वाटतो. रेलिंगमुळे माणसाला कोपऱ्यापासून थोडं पुढे जाऊनच ओलांडावं लागतं, तिथून त्याला गाडी दिसते आणि गाडीवाल्याला तो. ऑपरेटर कुरकुरले, कारण वळताना मागचा भाग घासायचा. एक फूट आत सरकवल्यावर ते थांबलं.

तुमच्याकडे रोज नवी माणसं येत असतील किंवा आवाज असह्य असेल, तर खोली सोडू नका. पहिल्या दिवसाची माहिती मीही तिथेच देतो. पण एकच जागा निवडायची असेल तर मी, माझ्यापुरतं म्हणतो, कोपरा निवडेन. खडूची रेघ दोन दिवसांत पुसली जाते. पुढच्या वेळी ती मी आखत नाही, एखाद्या ऑपरेटरच्या हातात खडू देतो.