ट्रॅश रिकामं झालं, बॅकअप नाही: स्नॅपशॉट, आयक्लाउड, सॉफ्टवेअर की लॅब?

फाईल गेली की बहुतेक जण आधी रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधतात. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट पाहायला हवी: फाईल मॅकच्या आतल्या एसएसडीवर होती, की बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा एसडी कार्डवर?

आतल्या एसएसडीवर असेल तर सॉफ्टवेअरकडून फारशी आशा ठेवू नका. फाईल कायमची डिलीट झाली की मॅकओएस ट्रिम आदेश देऊन एसएसडीला ती जागा मोकळी झाल्याचं कळवतं, आणि नंतर ती जागा वाचली तर सहसा नुसती शून्यं मिळतात. शिवाय टी२ किंवा ॲपल सिलिकॉन चिपच्या मॅकमधला डेटा हार्डवेअरमध्येच एन्क्रिप्ट होतो, त्यामुळे डेटा रिकव्हरी लॅबने मेमरी चिप काढून वाचली तरी हाती काही लागत नाही.

इथे खरा उपयोग स्नॅपशॉटचा, म्हणजे डिस्कवर एखाद्या क्षणी जे होतं त्याच्या नोंदीचा. मॅकच्या टाइम मशीनचा आपोआप बॅकअप आधीपासून चालू असेल, तर बॅकअपची डिस्क जोडलेली नसतानाही मॅक साधारण दर तासाला स्थानिक स्नॅपशॉट घेतो आणि तो २४ तासांपर्यंत ठेवतो. जागा कमी पडली तर त्याआधीच पुसतो, म्हणून मोठ्या फायली डाउनलोड करू नका. टर्मिनलमध्ये पाहा:

```
tmutil listlocalsnapshots /
```

समजा, अहवाल दुपारी चारला डिलीट झाला आणि यादीत `com.apple.TimeMachine` ने सुरू होणारं, ३:२० च्या वेळेचं नाव आहे. मग अहवाल ज्या फोल्डरमध्ये होता तो फाइंडरमध्ये उघडून टाइम मशीन सुरू करा, त्या वेळेवर जा आणि फाईल परत घ्या. ३:२० नंतर केलेले बदल मात्र मिळणार नाहीत. यादी रिकामी असेल आणि फाईल आयक्लाउड ड्राइव्हमध्ये होती, तर iCloud.com वर Data Recovery मधलं Restore Files पाहा. तिथे ३० दिवसांपर्यंत संधी असते.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा कार्ड असेल तर सॉफ्टवेअर खरोखर कामाला येतं, कारण तिथे सहसा फक्त नोंद पुसली जाते, मजकूर तसाच असतो. त्यावर नवं काही लिहू नका आणि सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवरच साठवा. फोटोरेक मोफत आहे, फोटोंसाठी उत्तम, पण मूळ नावं परत येत नाहीत आणि तुकड्यांत साठवलेले मोठे व्हिडिओ अनेकदा अर्धवट निघतात. विकतचं सॉफ्टवेअर घेणार असाल तर आधी मोफत स्कॅन करून प्रीव्ह्यू उघडा. नाव आणि आकार दिसतोय पण प्रीव्ह्यू कोरा आहे, तर फक्त नोंद उरली आहे असं धरा आणि पैसे भरू नका.

लॅब मला एकाच परिस्थितीत योग्य वाटते: डिस्क टकटक आवाज करते किंवा मध्येच दिसेनाशी होते तेव्हा. तशा डिस्कवर स्वतः स्कॅन चालवला तर उरलासुरला डेटाही जाऊ शकतो.