पत्र लिहावे की सूचना? एकाच प्रसंगावरून तुलना

सरावपत्रिकेत 'पत्र किंवा सूचना, कोणतेही एक लिहा' असे असते, तेव्हा बहुतेक मुले सूचना निवडतात, कारण ती छोटी असते. पण छोटी म्हणजे सोपी नव्हे. समजा, गुण असे आहेत. पत्राला ५: प्रारूप १, मजकूर २, मांडणी १, भाषा १. सूचनेला ४: प्रारूप १, मजकूर २, भाषा १; आणि तिची शब्दमर्यादा ५० शब्द. प्रसंग एकच: पुस्तकमोजणीसाठी शाळेचे ग्रंथालय बंद राहणार आहे.

सूचना अशी होईल:

सूचना
दिनांक: ३ मार्च
विषय: ग्रंथालय बंद राहण्याबाबत
सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, वार्षिक पुस्तकमोजणीसाठी शाळेचे ग्रंथालय १० ते १५ मार्च या काळात बंद राहील. घरी नेलेली पुस्तके ८ मार्चपर्यंत ग्रंथपालांकडे जमा करावीत.
(सही)
सचिव, ग्रंथालय समिती

यात शोभेचे वाक्य एकही नाही. मजकुराचे दोन्ही गुण काय, कधी, का, कोणासाठी आणि काय करायचे, एवढ्यावरच ठरतात. '८ मार्चपर्यंत' राहून गेले तर सूचना वाचायला छानच वाटेल, पण वाचणाऱ्याला पुस्तक कधी परत करायचे ते कळणार नाही आणि तपासणारा तिथेच गुण कापेल. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे 'मी तुम्हाला सांगू इच्छितो'. सूचना पदाच्या नावाने निघते, तिथे 'मी' नको.

पत्रात हाच प्रसंग उलट बाजूने येतो: परीक्षा जवळ आहे, म्हणून बंदच्या काळात संदर्भपुस्तके घरी ठेवू द्यावीत, अशी विनंती ग्रंथपालांना करायची. दिनांक, प्रति, विषय, 'महोदय', मजकूर, 'आपला विश्वासू', नाव आणि पत्ता हा साचा पाठ होतो, त्याचा गुण सहसा हुकत नाही. गुण जातात ते मांडणीत. पहिल्या परिच्छेदात अडचण, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात नेमकी मागणी असा क्रम हवा. 'योग्य ती कार्यवाही करावी' ही मागणी नव्हे. 'दोन पुस्तके १६ मार्चपर्यंत ठेवू द्यावीत' ही मागणी. विषयाच्या ओळीत 'विनंती' आणि मजकुरात तक्रार, असेही बऱ्याचदा दिसते. मग विषय चुकला की मजकूर, हे तपासणाऱ्यालाच ठरवावे लागते.

माझे मत विचाराल तर, प्रश्नात तारीख, स्थळ, वेळ असे तपशील दिलेले असतील तर सूचना घ्यावी. ते जागच्या जागी बसवले की काम झाले. तपशील तुटपुंजे असतील आणि कारणे आपणच रचायची असतील, तर पत्र बरे. तिथे एखादे वाक्य कमकुवत झाले तरी पुढच्या परिच्छेदात सावरायला जागा असते. पन्नास शब्दांत ती नसते. पत्राला एक गुण जास्त असला तरी लिहायला वेळही बराच जातो, त्यामुळे शेवटची दहाच मिनिटे उरली असतील तर सूचनेकडेच वळावे.