बचत गटाचा प्रकल्प: आधी वही की आधी मुलाखत?

महिला बचत गटाच्या बचतीवर आणि कर्जावर अर्थशास्त्राचा प्रकल्प करायचा ठरला, की लगेच पेच पडतो. गटाच्या वह्या उतरवून घ्यायच्या, की बायकांशी बोलायचं? वेळ महिनाभराचा असेल तर दोन्हीला सारखं वजन देता येत नाही. म्हणून कशातून काय हाती लागतं ते आधी पाहून घ्या.

व्याजाचंच घ्या. मुलाखतीत दर विचारला की उत्तर येतं, "शेकडा दोन." म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. समजा, एकीने 10,000 रुपये दहा महिन्यांसाठी घेतले आणि ती दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडते. गट उरलेल्या रकमेवर व्याज लावत असेल तर पहिल्या महिन्याला 200, मग 180, मग 160, असं उतरत शेवटी 20. एकूण व्याज 1,100. पण दुसऱ्या एखादीचा गट शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज धरत असेल तर दर महिन्याला 200, एकूण 2,000. या दुसऱ्या बाईला खरा दर शेकडा साडेतीनच्या जवळ पडतो. दोघी "शेकडा दोन"च सांगतील आणि दोघी खरंच बोलत असतील. फरक दिसतो तो फक्त कर्जाच्या खातेवहीत, व्याजाचा रकाना वरून खाली वाचत गेलं की.

वहीतून आणखी एक गोष्ट कळते. हे व्याज सावकाराच्या घरी जात नाही, गटातच राहतं. अकरा जणींची बचत सारखी असेल तर त्या 1,100 रुपयांतले 100 प्रत्येकीच्या वाट्याचे, कर्ज घेणारीच्याही. म्हणजे तिला कर्ज खऱ्या अर्थाने 1,000 रुपयांना पडलं. जी कधीच कर्ज घेत नाही तिला मात्र न घेता 100 मिळाले. गटात वारंवार कर्ज घेणाऱ्या कोण आणि नुसती बचत ठेवणाऱ्या कोण, एवढी एक विभागणी केली तरी प्रकल्पाला कणा मिळतो.

वही कुठे फसवते? "कारण" या रकान्यात. तिथे शेळी, शिलाई मशीन, बियाणं असं लिहिलेलं असतं, कारण तसं लिहिलं की मंजुरी सोपी जाते. पैसे दवाखान्यात किंवा मुलीच्या फीला गेलेले असतात. कधी नाव एकीचं आणि पैसे वापरणारी तिची जाऊ. हे बोलल्याशिवाय कळत नाही, आणि सगळ्यांसमोर तर कळतच नाही. मी बैठकीत विचारलं तेव्हा सगळ्यांनी "धंद्यासाठी" म्हटलं. त्यातलीच एक नंतर दारात तांदूळ निवडत बसली होती. "शेळी घेतली का हो?" असं न विचारता "पैसे हातात आले त्या दिवशी आधी कुठे गेलात?" असं विचारलं. "मेडिकलात," ती म्हणाली.

दोन्ही एकमेकांशी जोडल्याशिवाय न सापडणारी गोष्ट म्हणजे जुनं-नवं. खातेवहीत एका तारखेला 6,000 ची परतफेड दिसते, आणि त्याच तारखेला त्याच नावावर 6,000 चं नवं कर्ज. परतफेड शंभर टक्के, पण रोख पैसा हललेलाच नाही. अशा जोड्या वहीत शोधून खूण करा आणि मुलाखत त्या बायकांचीच घ्या.

म्हणून माझं मत असं: वह्या नीट असतील तर वही आधी, मुलाखत नंतर. बारा महिन्यांच्या नोंदी आणि सहा-सात जणींशी एकेकटीने बोलणं, एवढं पुरतं. वह्या नीट आहेत का, हे एका बैठकीचा हिशेब मांडला की समजतं: आरंभीची शिल्लक, त्यात जमा बचत, परत आलेलं मुद्दल, व्याज, दंड आणि बँकेतून काढलेले पैसे मिळवा; दिलेली कर्जं, बँकेत भरलेले पैसे आणि खर्च वजा करा. उरलेली रक्कम रोकड वहीतल्या अखेरच्या शिलकीशी जुळली पाहिजे. बँकेत भरल्याची नोंद पासबुकातही हवी. तीन बैठका तपासून दोन जुळल्या नाहीत, किंवा अनेक महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत भरल्यासारख्या दिसल्या, तर आकड्यांवर निष्कर्ष उभारू नका. मग मुलाखतीच मुख्य धरा आणि प्रत्येकीकडचं छोटं पासबुक समोर ठेवून बोला. रक्कम आणि तारीख आठवायला तेवढा आधार पुरतो.

परवानगी दोन्हीकडे लागते. वही पाहू देण्याचा ठराव बैठकीत करून घ्या, आणि उतरवताना नावांऐवजी क्रमांक लिहा. कोणाचा हप्ता थकला हे गावात तुमच्या प्रकल्पातून कळता कामा नये.