किकऑफ कॉलच्या नावाखाली आराखडा फुकटात नेला

जळगाव-धुळ्याकडे घरून वेबसाइटची कामं घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रावेर तालुक्यातल्या एका केळी वेफर्सवाल्याला ऑनलाइन विक्रीची साइट हवी होती. ४५,००० रुपयांचं कोटेशन त्याने फोनवर मान्य केलं, त्यातले १८,००० ॲडव्हान्स ठरले. "भाऊ, एकदा कॉल होऊ द्या, लगेच टाकतो," म्हणाला.

मी या किकऑफ कॉलचं, म्हणजे काम सुरू करतानाच्या पहिल्या चर्चेचं, कॅलेंडरवरून आमंत्रण पाठवलं आणि सोबत आधी विचार करून ठेवायचे प्रश्न दिले. पाकिटं किती वजनाची? माल महाराष्ट्राबाहेर पाठवणार का? कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर परत आलेल्या पार्सलचा खर्च कोण सोसणार? फोटो कोण देणार, शेवटचा होकार कोणाचा? अशा प्रश्नांवरच काम किती वाढेल ते ठरतं. कॅश ऑन डिलिव्हरी हवी म्हटलं की बऱ्याचदा ऑर्डर पक्की करायला ओटीपी ठेवावा लागतो, काही पिनकोडना ती सोय बंद ठेवावी लागते.

कॉलवर तिसरा माणूस आला. "आमचा पुतण्या आहे, त्याला कॉम्प्युटरचं कळतं." मालकाने एकाही प्रश्नाचं उत्तर आणलं नव्हतं. प्रत्येक वेळी "तुम्हीच सांगा, कसं करता येईल?" आणि पुतण्या लिहून घेत होता. वजनावर कुरिअरचा दर कसा लावायचा, पेमेंट गेटवेची मंजुरी मिळण्याआधी साइटवर परताव्याच्या धोरणाचं पान का लागतं, हेही त्याने खोदून विचारलं. शेवटी मालक म्हणाला, "हे सगळं लिहून पाठवा, मोठ्या भावाला दाखवतो." मी पानांची यादी आणि परताव्याच्या धोरणाचा मसुदा पाठवला.

त्यानंतर फोन उचलणं बंद. पुढे साइट सुरू झालेली दिसली. पानांचा क्रम माझा, परताव्याचा मजकूर शब्दन्‌शब्द माझा, आणि खाली साइट बनवणाऱ्याचा ईमेल त्याच "पुतण्या"चा. मेहनत माझी, पैसे दुसऱ्याला. याचा मला आजही संताप येतो.

गूगल कॅलेंडरमध्ये पाहुण्यांना इतरांना बोलावण्याची मुभा, म्हणजे Invite others, आधीपासूनच चालू असते. ती बंद करा. कॉलला कोण येणार, त्यांचं धंद्याशी नातं काय, हे आमंत्रणातच विचारा. खऱ्या ग्राहकाकडे पाकिटाचं वजन, कुरिअरवाला, पैसे अडकलेली जुनी ऑर्डर यांची उत्तरं तोंडपाठ असतात, कारण तो रोज तेच करतो. जो आपल्याच धंद्याचे प्रश्न तुमच्याकडे ढकलतो आणि फक्त "कसं करणार" एवढंच विचारतो, त्याला कॉलवर आराखडा देऊ नका.

माझ्या आमंत्रणात आता पहिली ओळ अशी असते: "ॲडव्हान्स जमा झाल्यावर ही वेळ पक्की होईल. त्याआधी सविस्तर चर्चा हवी असल्यास तिचं शुल्क वेगळं, आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा होईल."