जोडीच्या फोटोतून एकच चेहरा: घट्ट कापायचं की शेजारचा पुसायचा?

एकटीचा चांगला फोटो हवा असतो आणि नेमका तो नसतो. असतो तो दोघांचा, गालाला गाल लागेल इतक्या जवळून काढलेला. मग मुख्य वाटा दोन उरतात. एक म्हणजे चेहऱ्याभोवती घट्ट कापायचं. दुसरी म्हणजे चौकट ऐसपैस ठेवून शेजारचा माणूस पुसायचा. तिसरीही आहे, माणूस कातरून नव्या पार्श्वभूमीवर चिकटवण्याची. पण केसांच्या कडेला राहणारी जुनी उजळ रेघ आणि न जुळणारा उजेड यामुळे ती लगेच पकडली जाते, म्हणून ती मी शेवटी ठेवतो.

ठरवण्याआधी फोटोत एकच गोष्ट बघा: पुढे कोण उभं आहे? जी व्यक्ती ठेवायची आहे ती पुढे असेल, तर तिचा खांदा, केस, बाही सगळं पूर्ण दिसतं आणि मागचा माणूस पुसणं म्हणजे फक्त भिंत भरणं. ती मागे असेल, तर तिचा अर्धा खांदा फोटोत मुळात नाहीच. तो नव्याने बनवावा लागतो, आणि बनवलेला खांदा बहुतेक वेळा बनवलेलाच दिसतो. अशा फोटोत पुसण्याच्या फंदात न पडता घट्ट कापलेलं बरं.

आता एक उदाहरण मापासकट घेऊ. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, मागे साधी फिकट भिंत. डावीकडे बाई, उजवीकडे तिचा नवरा. ती किंचित पुढे आहे, त्याचा हात तिच्या पाठीमागून येऊन बोटं तिच्या पलीकडच्या, म्हणजे फोटोतल्या डाव्या, खांद्यावर टेकली आहेत. डाव्या कडेपासून मोजलं तर तिच्या चेहऱ्याचा मध्य १५०० वर आहे, केस १८८० पर्यंत जातात आणि २०४० ला त्याचा कान सुरू होतो. वरून मोजलं तर केसांचा माथा ७०० वर, हनुवटी १४५० वर, बोटं १७२० च्या आसपास.

पहिला मोह होतो तो केस आणि कान यांच्या फटीतून, साधारण २००० वर, उभी रेघ मारायचा. मारून बघा. चेहरा उजव्या कडेला चिकटतो, डावीकडे रिकामी भिंत उरते आणि त्यातच ती उजवीकडे झुकलेली. बघणाऱ्याला काही सांगायची गरज पडत नाही, इथे कोणीतरी होतं हे त्याला कळतंच. खांद्यावर बोटं राहिली असतील तर विचारायलाच नको. मी एकदा अशीच बोटं न पाहता प्रिंट काढला होता. स्क्रीनवर ती ओढणीची घडी वाटली होती, कागदावर सरळ चार बोटं!

घट्ट कापायचं तर नीट घट्ट कापा. इथे ९०० बाय ९०० ची चौकोनी चौकट घेऊ: आडवी १०५० ते १९५०, उभी ७८० ते १६८०. चेहरा बरोबर मध्ये येतो, बोटं खाली राहून बाहेर पडतात, खांदे नुसते सुरू होतात. माथ्यावरचे थोडे केस कापले जातात, पण ते डोळ्याला चालतं. हनुवटीला लागून किंवा गळ्यातून मारलेली रेघ मात्र चालत नाही, मुंडकं कापून ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून खांद्याचा उतार थोडा तरी आत यायलाच हवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात नवऱ्याच्या शर्टाचा एक छोटा तुकडा उरेल. शेजारचा भाग उचलून वर लावणाऱ्या हील किंवा क्लोन टूलने तो भिंतीच्या रंगात मिसळायला दोन मिनिटं लागतात.

या वाटेची मर्यादा आकाराची. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ९०० म्हणजे फक्त ३ इंच. प्रोफाइलला भरपूर, छोट्या प्रिंटला ठीक, पण फ्रेम करून भिंतीवर लावायला कमी. चॅटवरून आलेला फोटो आधीच लहान झालेला असतो, त्यात चेहरा दोन-तीनशे पिक्सेलचाच उरतो. त्यामुळे मूळ फाइल मागवून घ्या, कापायला नंतर बसा.

मोठा फोटो हवा असेल तर पुसण्याची वाट, पण अख्खा नवरा पुसायची गरज नसते, आणि इथेच लोक उगाच जास्तीचं काम ओढवून घेतात. चौकट आडवी ९०० ते २१००, उभी ६०० ते २१०० घ्या. ती १२०० बाय १५०० ची होते, म्हणजे ४ बाय ५ इंच, आणि चेहरा पुन्हा मध्यावर. आता पुसायचं किती उरलं? उजव्या कडेला त्याच्या कानाची आणि जबड्याची जेमतेम ६० पिक्सेलची पट्टी, तिच्या खांद्याच्या वर दिसणारा शर्ट, आणि डाव्या खांद्यावरची बोटं.

पट्टी आणि शर्ट सोपे आहेत, कारण मागे साधी भिंत आहे. क्लोनचा नमुना मात्र त्याच उंचीवरच्या भिंतीवरून घ्या. भिंत वरून खाली किंचित गडद होत जाते, आणि वरचा तुकडा खाली लावला की ढग उमटतो. बोटांचं सगळं कापडावर अवलंबून आहे. साध्या रंगाच्या कापडावर ती निघतात. पण बोटांनी पाडलेली चुणी आणि त्यांची सावलीही काढावी लागते, नाहीतर बोटं गेल्यावरही खांदा दाबलेला दिसतो. बारीक नक्षी किंवा चौकडी असेल तर नक्षी मोडते. तेव्हा दुसरा खांदा उलटा करून चिकटवायचं सुचतं, पण उजेड एका बाजूने येत असेल तर उलट्या खांद्यावर तो चुकीच्या बाजूने पडतो. नक्षीदार कापड दिसलं की मी मुकाट्याने ९०० च्या चौकटीवर परततो.

दोन्ही वाटांना एक गोष्ट समान, ती म्हणजे झुकलेली मान. जोडीत एकमेकांकडे झुकणं गोड दिसतं. एकटीत तेच तोल गेल्यासारखं वाटतं. मान उजवीकडे कललेली असेल तर फोटो ३-४ अंश डावीकडे फिरवा. पूर्ण सरळ करू नका, थोडा कल राहिला तर चेहरा जिवंत वाटतो. मागे दाराची चौकट किंवा खिडकी असेल तर हा उपाय बाद, कारण दार तिरकं होतं. फिरवणं कापण्याच्या आधीच करा. नंतर फिरवलं तर रिकामे कोपरे भरायला चौकट आणखी आक्रसावी लागते, आणि आधी फिरवलं तर वरची मापं थोडी सरकतात, ती पुन्हा घ्यावी लागतात. फोटोशॉपमध्ये क्रॉप करताना `Delete Cropped Pixels` ची खूण काढून ठेवा, म्हणजे बाहेर गेलेला भाग फाइलमध्ये राहतो आणि चौकट पुन्हा सरकवता येते.

झाल्यावर फोटो आरशात दिसतो तसा आडवा उलटा करून बघा. सरावलेली नजर ज्याकडे दुर्लक्ष करत होती ते मग टोचायला लागतं: एकाच आकाराचे दोन डाग, भिंतीचा जास्त गुळगुळीत तुकडा, केसांच्या कडेला राहिलेली कानाची गुलाबी छटा. शेवटची सगळ्यात चिवट, कारण ती केसांच्या बारीक बटांमधून दिसते आणि बटा शाबूत ठेवून काढता येत नाही. तिथे रंगाची तीव्रता कमी करून ती करडी केली की पुरतं.